फेसबुक पेजवर लोकांनी टाकलेल्या पोस्ट आणि टॅग कसे काढायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं फेसबुकच्या पब्लिक पेजबद्दल आहे, म्हणजे दुकान, मंडळ, क्लास, वाचनालय, घरगुती धंदा, कशाचंही पेज जे तुम्ही सांभाळता. बटणांची नावं स्क्रीनवर जशी दिसतात तशीच इंग्रजीत दिलीयेत, म्हणजे शोधायला सोपं जाईल. तुमचं फेसबुक मराठीत असेल तर जागा तीच असते, फक्त नाव मराठीत दिसेल.

माझ्या पेजवर कोणीतरी काहीतरी टाकलंय. आता काढू कसं?

थांबा, काढायच्या आधी एक गोष्ट बघायची, ती पोस्ट कोणाच्या जागेवर आहे. कारण तुम्हाला काय करता येईल आणि काय नाही हे सगळं त्यावरच ठरतं, आणि जवळपास सगळा गोंधळ इथेच होतो. कोणी तुमच्या भिंतीवर पत्रक चिकटवलं तर ते तुम्ही फाडून टाकू शकता, पण त्याने स्वतःच्या भिंतीवर तुमचं नाव लिहिलं तर जास्तीत जास्त ते नाव पुसून घेता येतं, भिंत त्याचीच राहते. पेजवर पण अगदी असंच आहे.

ओळखायचं कसं, तर पोस्टच्या अगदी वरची ओळ वाचा, जिथे नाव असतं ती. तिथे टाकणाऱ्याचं नाव, मग एक छोटासा बाण किंवा त्रिकोण, आणि मग तुमच्या पेजचं नाव असं दिसलं तर ती पाहुण्याची पोस्ट, थेट तुमच्या पेजवर येऊन टाकलेली. ही तुम्ही पूर्ण डिलीट करू शकता.

तिथे त्याच्या नावापुढे `is with` असं येऊन तुमच्या पेजचं नाव असेल, किंवा फोटोवर बोट ठेवल्यावर तुमचं नाव दिसत असेल, तर तो टॅग. पोस्ट त्याच्या प्रोफाइलवर किंवा त्याच्या पेजवर आहे, तुमच्याकडे फक्त तिची सावली पडलीये.

आणि वर काहीच नाही पण मजकुरात मध्येच तुमच्या पेजचं नाव लिंकसारखं ठळक दिसतंय, दाबलं की तुमचं पेज उघडतं, तर ते मेन्शन. म्हणजे त्याने लिहिताना @ टाकून तुमचं नाव निवडलं. हे पण त्याच्याच जागेवर असतं.

एवढं एकदा बघायची सवय लागली की पुढचं सगळं दोन मिनिटांचं काम आहे.

पण मला तीन टिंबांत डिलीटचा ऑप्शनच येत नाहीये, फक्त रिपोर्ट आणि सेव्ह दिसतंय, असं का?

दहातल्या नऊ वेळा कारण हेच की तुम्ही स्वतःच्या प्रोफाइलमधून पेज बघताय. नव्या पद्धतीच्या पेजमध्ये तुम्ही पेज म्हणून आत जायला लागतं. वर उजवीकडे आपला गोल फोटो असतो त्यावर दाबा, तिथे पेजचं नाव दिसेल ते निवडा, मग फेसबुक तुम्हाला पेज म्हणून वागवायला लागतं. मोबाईलवर पण मेनूमध्ये वरती नावाशेजारी तेच आहे. आता परत त्या पोस्टच्या तीन टिंबांवर दाबून बघा, ऑप्शन बदललेले दिसतील.

तरी नाही आले तर दुसरं कारण तुमचा ॲक्सेस. पेजवर दोन प्रकारची माणसं असतात, एक ज्यांना `Facebook access` आहे आणि दुसरी ज्यांना फक्त `Task access` आहे. टास्कवाल्यांना पेज म्हणून स्विच करताच येत नाही, त्यांनी Meta Business Suite मधून काम करायचं असतं आणि तेही जेवढं काम दिलंय तेवढंच. मंडळांच्या पेजवर हे फार होतं, जुन्या कार्यकर्त्याने पेज काढलेलं असतं, तो आता दुसऱ्या शहरात असतो आणि इकडच्या पोरांना अर्धवट ॲक्सेस देऊन गेलेला असतो. त्याला फोन करा आणि `Page access` मध्ये जाऊन नीट ॲक्सेस द्यायला सांगा, त्याला दुसरा उपाय नाही. आणि `full control` असलेली निदान दोन विश्वासू माणसं ठेवाच.

पाहुण्याची पोस्ट: हाइड करू का डिलीट करू?

दोन्ही तीन टिंबांतच मिळतं, पण अर्थ वेगळा. हाइड म्हणजे पेजवरून दिसेनाशी झाली, पण ती संपली नाही, टाकणाऱ्याला ती दिसत राहू शकते आणि इतर कुठे फिरत असेल तर तिथेही. तुमचा विचार बदलला तर `Activity log` मध्ये जाऊन परत दाखवता पण येते. डिलीट म्हणजे ती पोस्ट, तिच्याखालच्या कमेंट, सगळंच गेलं, आणि दुसऱ्याची पोस्ट डिलीट केल्यावर ती परत आणता येईल असं धरून चालू नका.

माझं मत विचाराल तर लोनच्या जाहिराती, घाणेरडे फोटो, सट्ट्याच्या लिंका सरळ डिलीट करा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. पण जिथे भांडण आहे, आरोप आहे, पैशाचा विषय आहे, तिथे आधी स्क्रीनशॉट घ्या आणि पोस्टची लिंक कॉपी करून ठेवा. लिंक कुठे मिळते तर पोस्टवर वेळ किंवा तारीख लिहिलेली असते ना, तिच्यावर दाबलं की पोस्ट एकटी उघडते, मग वरचा पत्ता कॉपी करायचा. स्क्रीनशॉटमध्ये टाकणाऱ्याचं नाव, तारीख आणि पूर्ण मजकूर हे तिन्ही यायला हवं. नुसता मजकूर कापून घेतलेला फोटो नंतर काही कामाचा नसतो.

टॅग काढला म्हणजे पोस्ट गेली ना?

नाही. टॅग काढल्यावर पोस्ट त्याच्याकडे जशीच्या तशी राहते, त्याच्या लोकांना दिसते, त्यावर लाइक येत राहतात. फक्त तुमच्या पेजशी असलेली तिची जोड तुटते. मजकुरात मेन्शन केलेलं असेल तर तुमचं नाव साध्या अक्षरांत तिथेच उरतं, लिंक तेवढी निघून जाते.

पायऱ्या अशा की पेज म्हणून स्विच व्हा, पोस्ट उघडा, तीन टिंबं, `Remove tag`. फोटोतला टॅग असेल तर फोटो उघडून त्याच्या तीन टिंबांतून काढा, कारण पोस्टचा टॅग वेगळा आणि फोटोचा वेगळा, आणि एकाच पोस्टमध्ये दोन्ही असू शकतात. पोस्टचा काढला आणि तरी `Photos` मध्ये दिसतंय अशी तक्रार येते ती याचमुळे.

पोस्टच नको असेल तर तीन रस्ते आहेत, टाकणाऱ्याला मेसेज करून काढायला सांगा, नियमाबाहेरचं असेल तर रिपोर्ट करा, आणि तुमचाच फोटो किंवा पोस्टर चोरून वापरला असेल तर कॉपीराइटचा वेगळा रिपोर्ट फॉर्म आहे तो भरा. पहिला रस्ता लोक वापरतच नाहीत आणि खरं सांगायचं तर ओळखीपाळखीच्या लोकांमध्ये तोच सगळ्यात पटकन चालतो.

समोरच्याला कळतं का मी टॅग काढला म्हणून?

नोटिफिकेशन जात नाही. त्याने परत जाऊन पोस्ट पाहिली तर तुमचं नाव गायब दिसेल, एवढंच.

पेजवर एक अर्जंट नोटिफिकेशन आलंय, मेटाकडून, की २४ तासांत पेज बंद होणार, लिंकवर जाऊन व्हेरिफाय करा. घाबरायला झालंय.

घाबरू नका आणि त्या लिंकवर अजिबात जाऊ नका. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याच्यात लोकांची पेजेस खरोखर गेलीयेत, म्हणून नीट सांगते.

हे नोटिफिकेशन मेटाने पाठवलेलं नसतं. कोणीतरी एक प्रोफाइल किंवा पेज बनवतो, त्याला सपोर्ट, कॉपीराइट, व्हेरिफिकेशन असलं काहीतरी नाव देतो, निळा लोगो लावतो आणि मग एका पोस्टमध्ये बऱ्याच पेजेसना टॅग किंवा मेन्शन करतो. तुम्हाला मेन्शन केलं की फेसबुक तुम्हाला नेहमीसारखं नोटिफिकेशन देतं, ते खरं असतं, पण आतला मजकूर त्या भामट्याचा. नोटिफिकेशन फेसबुकच्या आतच आलं म्हणून माणूस फसतो.

ओळखायचं कसं? नोटिफिकेशन नीट वाचा, त्यात अमक्याने तुम्हाला मेन्शन केलं असं असतं. खरा इशारा कधीच कोणाच्या पोस्टमधून मेन्शन करून येत नाही. खरा असेल तर तो तुमच्या `Support Inbox` मध्ये दिसतो, तिथे स्वतः मेनूतून जाऊन बघा, लिंकवरून नाही. दुसरी खूण, त्या पोस्ट टाकणाऱ्या पेजवर जाऊन बघितलं तर फॉलोअर नगण्य, पेज कालपरवा बनलेलं किंवा आधी कुठल्या तरी भलत्याच नावाचं असतं. पेज ट्रान्सपरन्सीमध्ये पेज कधी बनलं आणि नाव कधी बदललं हे दिसतं, ते बघाच. तिसरी, लिंकमध्ये https:// नंतर पहिल्या / च्या आधीचा पत्ता facebook.com किंवा meta.com वर संपत नाही, मध्ये कुठेतरी ते शब्द घुसवलेले असतात पण शेवट भलताच.

मग करायचं काय, तर या क्रमाने. आधी त्या पोस्टला रिपोर्ट करा, कारणात स्कॅम किंवा दुसऱ्याचं नाव घेऊन फसवणूक असं जे येईल ते निवडा. मग टॅग काढा. मग ते पेज ब्लॉक करा. आणि टॅग काढणं टाळू नका, कारण तुमच्या पेजच्या `Mentions` मध्ये ती पोस्ट लटकत राहिली तर तुमचा एखादा फॉलोअर तिथून लिंक दाबेल.

लिंक उघडून पासवर्ड टाकून झाला असेल तर? ताबडतोब पासवर्ड बदला, `Where you're logged in` मध्ये जाऊन अनोळखी फोन आणि कॉम्प्युटर बाहेर काढा, टू फॅक्टर चालू करा, आणि `Page access` मध्ये कोणी नवीन माणूस घुसलाय का बघा. हे शेवटचं लोक विसरतात, पासवर्ड बदलून निवांत होतात आणि तो माणूस पेजचा ॲडमिन बनून आतच बसलेला असतो. पेजला जाहिरातीसाठी कार्ड जोडलेलं असेल तर बँकेला पण सांगा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाका, जितका उशीर तितके पैसे हाती लागायची शक्यता कमी.

एखादं खरं उदाहरण सांगा ना, एकाच पेजवर सगळं आलं तर काय करायचं?

डोंबिवलीच्या एक काकू घरून फराळ करून विकतात, त्यांचं पेज मी बघते. दिवाळीच्या तोंडावर पेजवर वर्दळ वाढते आणि त्याच आठवड्यात नको ते पण येतं. एकदा एकाच दिवशी त्यांचा घाबरून फोन, अगं पेजवर बघ काय काय आलंय, सगळं काढून टाक. सगळं नाही काढलं, एकेक बघितलं.

पहिली पोस्ट, कोणीतरी "५ मिनिटांत पर्सनल लोन" टाकलेलं, वर नाव, बाण, मग पेजचं नाव. पाहुण्याची पोस्ट. डिलीट, आणि तो प्रोफाइल ब्लॉक.

दुसरी, एका मिठाईच्या दुकानाने आपल्या ऑफरच्या पोस्टरमध्ये आजूबाजूच्या फराळवाल्या सगळ्या पेजेसना टॅग केलेलं, म्हणजे त्यांच्या गिऱ्हाइकांना आपली ऑफर दिसावी म्हणून. वर `is with` होतं. पोस्ट त्यांची, ती डिलीट करता येणारच नव्हती, आणि रिपोर्ट करण्यासारखं पण त्यात काही नव्हतं, जाहिरात करणं गुन्हा नाही. टॅग काढला, पोस्टरवरच्या फोटोचा टॅग वेगळा होता तोही काढला, आणि त्यांना पेजवरून एक साधा मेसेज टाकला की कृपया आम्हाला टॅग करू नका. परत नाही केलं त्यांनी.

तिसरी, एका ताईंनी पुण्याहून फोटो टाकलेला, डबा उघडलाय आणि आतले अनारसे चुरा झालेले, कुरियरने गेला होता ना, आणि वर लिहिलंय की एवढे पैसे घेऊन हे असं पाठवता का. ही पण पाहुण्याची पोस्ट, म्हणजे डिलीट करता आली असती, आणि काकूंना तेच हवं होतं कारण खाली चार जणींनी अरेरे लिहिलेलं. मी नाही म्हटलं. खरी तक्रार होती, फोटो खरा होता. डिलीट केली असती तर त्या ताईंनी तीच गोष्ट स्वतःच्या प्रोफाइलवर लिहिली असती, आणि तिथे आपला हात पोचत नाही, शिवाय वर आणखी एक वाक्य वाढलं असतं की यांनी माझी पोस्ट उडवली. त्याऐवजी पेजवरूनच खाली उत्तर दिलं, की ताई, चूक पॅकिंगची आहे, नवीन डबा पाठवतोय, पत्ता मेसेजमध्ये कन्फर्म करा. डबा पोचल्यावर त्यांनीच खाली लिहिलं की मिळाला, छान आहेत. ती पोस्ट अजून पेजवर आहे आणि असू दे.

चौथी, एकीने आपल्या प्रोफाइलवर चकल्यांचं कौतुक लिहून पेजला मेन्शन केलेलं. काकूंनी त्या गडबडीत तेही काढायच्या यादीत टाकलेलं. ते तर उलट शेअर केलं, तिला विचारून.

आणि पाचवी ती मेटाची धमकी, जी वर सांगितली. खरं तर काकू घाबरल्या होत्या त्या हिच्यामुळे.

टॅग काढला, हाइड केलं, तरी दिसतंय. असं का होतं?

आधी हे बघा की दिसतंय कोणाला. तुम्ही ॲडमिन म्हणून बघताय तेव्हा तुम्हाला काही गोष्टी दिसतात ज्या बाकीच्यांना दिसत नाहीत. घरातल्या अशा कोणाच्या तरी फोनवर बघा ज्याचा पेजशी काही संबंध नाही. तिथे दिसत नसेल तर काम झालंय.

तिथे पण दिसत असेल तर जागा बघा. पेजच्या `Posts` मध्ये नाही पण `Mentions` मध्ये आहे, म्हणजे तुम्ही हाइड केलं पण मेन्शनचा टॅग काढला नाही. फोटोंमध्ये आहे म्हणजे फोटोचा टॅग राहिला. सर्चमध्ये तुमच्या पेजचं नाव टाकल्यावर येतंय, तर ते येणारच, कारण पोस्ट पब्लिक आहे आणि त्यात तुमचं नाव अक्षरांत लिहिलेलं आहे, त्याला तुमच्या पेजचं सेटिंग लागू होत नाही.

शेकड्याने जमल्यात. एकेक किती काढत बसू?

कॉम्प्युटरवर बसा, मोबाईलवर नको. पेज म्हणून स्विच होऊन पेज उघडलं की पोस्टच्या यादीच्या वर `Filters` आणि `Manage posts` अशी बटणं मिळतात. फिल्टरमध्ये कोणी टाकलेल्या ते निवडता येतं, म्हणजे फक्त इतरांनी टाकलेल्या बाजूला काढता येतात, वर्ष पण निवडता येतं. मग टिक करत जा आणि पुढे जा.

एक गोष्ट इथे अडते. टिक केलेल्यांमध्ये पाहुण्यांच्या पोस्ट आणि टॅगवाल्या पोस्ट मिसळल्या असतील तर डिलीटचा ऑप्शन दाबता येत नाही, कारण त्यातल्या काही तुमच्या डिलीट करण्यासारख्या नाहीतच. म्हणून दोन फेऱ्या करा. आधी फक्त बाणवाल्या निवडून डिलीट, मग फक्त टॅगवाल्या निवडून `Remove tags`. टॅगवाल्यांसाठी `Activity log` मधला `Activity you're tagged in` हा भाग जास्त सोयीचा पडतो, तिथे पोस्ट आणि फोटो वेगवेगळे लावलेले असतात.

परत येऊच नयेत म्हणून काही सेटिंग आहे का?

आहे. पेज म्हणून स्विच व्हा, `Settings & privacy`, मग `Settings`, तिथे `Page and tagging` नावाचा भाग शोधा. फेसबुक ही नावं अधूनमधून बदलतं, तर टॅगिंग हा शब्द असलेला भाग बघा.

तिथे पहिला प्रश्न तुमच्या पेजवर पोस्ट कोण करू शकतं. हे बंद केलं की पाहुण्यांच्या पोस्टचा विषयच मिटला, पण हेही लक्षात घ्या की आधी आलेल्या आपोआप जात नाहीत, त्या वरच्या पद्धतीने हातानेच काढायच्या. बंद करावं का? धंद्याचं पेज असेल तर मी सरळ बंद करायला सांगते, गिऱ्हाइकाला बोलायचं असेल तर कमेंट आहे, मेसेज आहे. पण गावाचं पेज, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं पेज, जिथे लोक जुने फोटो आणून टाकतात, तिथे बंद केलंत तर पेजमधला जीव जाईल. तिथे चालू ठेवा आणि रोज एकदा बघा.

मग टॅगचा भाग. त्यात तुम्हाला टॅग केलेल्या पोस्ट पेजवर दिसायच्या आधी तुम्ही तपासायच्या का, असं एक रिव्ह्यूचं सेटिंग आहे. ते चालू करा, कुठलंही पेज असो. चालू केल्यावर टॅगवाली पोस्ट तुमच्याकडे थांबते, तुम्ही हो म्हटलं तरच पेजवर दिसते. फक्त हे समजून घ्या की हे सेटिंग तुमच्या पेजपुरतं आहे. ती पोस्ट त्याच्या प्रोफाइलवर, लोकांच्या फीडमध्ये, सर्चमध्ये तेव्हाही दिसतेच, आणि टॅगही लागलेला असतोच. म्हणजे नुसतं रिव्ह्यूमध्ये नको म्हणून सोडून दिलं तर टॅग उरतो, नकोच असेल तर टॅग पण काढायचा.

तिथेच तुमच्या स्वतःच्या पोस्टवर दुसऱ्यांनी लावलेले टॅग तपासायचं पण एक सेटिंग आहे. तुमच्या पोस्टरवर येऊन कोणी भलत्याच लोकांना टॅग करत असेल तर ते चालू करा.

कमेंटमध्ये येऊन जाहिरात करतात, त्याचं काय?

त्याच सेटिंगमध्ये काही ठराविक शब्द असलेल्या कमेंट लपवायची सोय आहे, १००० पर्यंत शब्द किंवा शब्दसमूह टाकता येतात, इमोजी पण चालतात. मराठी पेजला इथे थोडं डोकं लावायला लागतं, कारण तोच शब्द लोक चार प्रकारे लिहितात. नुसतं "लोन" टाकून भागत नाही, "लोण", "कर्ज", "loan", "lone" सगळं टाका. व्हॉट्सॲप नंबर देणारे असतात त्यांच्यासाठी "wa.me" टाका. पण फार सामान्य शब्द टाकू नका, "पैसे" टाकलंत तर "पैसे पाठवले, ऑर्डर कन्फर्म करा" ही कमेंट पण लपेल आणि गिऱ्हाईक वाट बघत बसेल.

हाताने लपवलेली कमेंट ती लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहते, बाकीच्यांना नाही. त्यामुळे वाद घालणाऱ्याची कमेंट लपवली तर त्याला पत्ता लागत नाही आणि तो पेटत नाही, डिलीट केली तर तो दुप्पट लिहितो. जाहिरातवाल्याची मात्र डिलीटच करा.

वाईट रिव्ह्यू टाकलाय, तो काढता येतो का?

एकेक रिव्ह्यू तुम्हाला काढता येत नाही. नियमाबाहेरचा असेल तर रिपोर्ट करायचा, निर्णय फेसबुकचा. नाहीतर रिव्ह्यूचं सेटिंग पूर्ण बंद करता येतं पण मग चांगले पण सगळे झाकले जातात. खाली उत्तर लिहा, ते वाचलं जातं.

सरळ ब्लॉकच केलं तर?

करा, पण शेवटी. आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, मग पोस्ट डिलीट किंवा टॅग काढणं, आणि सगळ्यात शेवटी ब्लॉक. उलटं केलंत तर ब्लॉक केलेल्याची पोस्ट तुमच्या पेजला दिसेनाशी होऊ शकते, आणि जी दिसतच नाही तिला रिपोर्ट कसं करणार, तिचा टॅग कसा काढणार. शिवाय ब्लॉक हे एका अकाउंटपुरतं असतं, तो माणूस दुसऱ्या नावाने येऊ शकतो, म्हणून ब्लॉकच्या भरवशावर सेटिंग उघडं ठेवू नका.

कोणीतरी पेजला टॅग करून बदनामी करतंय, धमकी देतंय. टॅग काढून गप्प बसू का?

इथे घाई करू नका. टॅग काढायच्या आधी पुरावा गोळा करा, पोस्टची लिंक, टाकणाऱ्याच्या प्रोफाइलची लिंक, तारखेसकट पूर्ण स्क्रीनशॉट, खालच्या कमेंट पण. प्रोफाइलचं नाव पुरेसं नाही, नाव तो एका मिनिटात बदलेल, लिंक हवी. मग फेसबुकला रिपोर्ट करा, आणि रिपोर्टने काही झालं नाही तर भारतासाठीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जाता येतं, आयटी नियम २०२१ प्रमाणे अशा मोठ्या कंपनीला तो नेमावाच लागतो. धमकी असेल, एखाद्या बाईचा किंवा मुलीचा फोटो मॉर्फ करून टाकला असेल, तर फेसबुकच्या उत्तराची वाट बघू नका, cybercrime.gov.in वर तक्रार करा आणि जवळच्या पोलीस स्टेशनला पण जा, पुराव्याच्या प्रिंट घेऊन.

आणि असा फोटो पेजवर पाहुण्याची पोस्ट म्हणून आला असेल तर लिंक आणि टाकणाऱ्याची माहिती घेतली की लगेच डिलीट करा, तो पेजवर एक मिनिटही जास्त ठेवायचा नाही. त्याचा स्क्रीनशॉट ॲडमिनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही, ज्याच्याकडे तक्रारीचं काम आहे त्या एकाच माणसाकडे ठेवा. त्या मुलीच्या घरच्यांना कळवायचं असेल तर फोटो न पाठवता फोन करून सांगा.

आमच्याकडे पेज चौघं सांभाळतो, एकाने ठेवलेलं दुसरा काढतो. काय करावं?

आपसात दोन गोष्टी ठरवून घ्या. तक्रारीची पोस्ट कोणीही एकट्याने डिलीट करायची नाही, आधी ग्रुपवर टाकायची. आणि उघड स्पॅम, म्हणजे लोन, सट्टा, मेटाची खोटी नोटीस, हे ज्याला पहिलं दिसेल त्याने न विचारता काढायचं, कारण विचारण्यात जो तास जातो त्यात कोणीतरी लिंक दाबतं. कोणी काय काढलं हा वाद झालाच तर `Activity log` मध्ये पेजवर झालेल्या बऱ्याच गोष्टींची नोंद तारखेप्रमाणे मिळते, तिथून बघा.